आईच्या खात्यावर मुलीची सही

आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या मागच्या सभेत विषय ठरला होता मधुमेहातल्या आहाराचा. पण चहाच्या वेळी एका सभासदांनी सहज विचारलं, "बचत खात्यात मुलाचं नाव घालून टाकू का?" आणि पाच मिनिटांत सभागृहात दोन तट पडले. पोटच्या पोरावर विश्वास नाही तर मग कुणावर ठेवायचा, असं एक तट म्हणत होता. जिवंतपणी हात कापून देऊ नका, असं दुसरा बजावत होता. प्रत्येकाकडे एकेक गोष्ट तयार होती, कुणाच्या भाच्याची, कुणाच्या शेजाऱ्याची. मी बँकेत ३१ वर्षं काढली आहेत, त्यातली बरीचशी बचत खात्यांच्या काउंटरमागे. ऐकता ऐकता मला वाटलं, हे दोन्ही तट एकाच चुकीच्या प्रश्नावर भांडताहेत. विश्वास आहे की नाही यावर सगळे हिरिरीने बोलत होते. खात्यात नाव घालतो म्हणजे आपण नेमकं काय देतो, हे मात्र कुणीच विचारलं नाही.

माझं मत आधीच सांगते. सत्तरी ओलांडलेल्या, त्यातही जोडीदार गेल्यावर एकट्या राहणाऱ्या आईने किंवा वडिलांनी, डोकं शाबूत आहे तोवर, एका खात्यात एका मुलाचं किंवा मुलीचं नाव जरूर घालावं. फक्त एकाच खात्यात. आणि त्या खात्यात महिन्याचा खर्च आणि एखादं मोठं दुखणं निभावेल एवढीच रक्कम ठेवावी. आपण मुलीला पैसे देत नसतो, पैसे काढायचं काम देत असतो. घरातल्या कपाटाची किल्ली सुनेच्या कमरेला गेली म्हणून कपाटातले दागिने तिच्या नावावर होत नाहीत, हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. बँकेच्या अर्जापुढे बसलं की तेच आपल्याला का सुचत नाही?

हा फरक मी काढलेला नाही. आपल्याकडच्या कायद्यात तो दीडशे वर्षांहून जुना आहे. इंग्लंडमध्ये बापाने मुलाच्या नावावर काही घेतलं, तर त्याने ते मुलाला देऊनच टाकलं असं न्यायालय धरून चालायचं. बंगालमधल्या गोसाईं कुटुंबाचं अशाच स्वरूपाचं भांडण १८५४ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेलं; इंग्रजी अमलात इथल्या खटल्यांचं शेवटचं अपील तिथेच चालायचं. तिथे ठरलं, की हिंदुस्थानात दुसऱ्याच्या नावावर मालमत्ता ठेवण्याची रीतच आहे, त्यामुळे नुसत्या नावावरून दान झालं असं धरता येणार नाही. पैसा कुणी घातला ते पाहायचं. पुढे १९२८ साली प्रश्न थेट बँकेतल्या ठेवीचा आला. नवऱ्याने स्वतःच्या आणि बायकोच्या नावे पैसे ठेवले होते, दोघांपैकी कुणालाही किंवा मागे राहील त्याला मिळतील, या बोलीवर. नवरा गेल्यावर ते पैसे आपोआप बायकोच्या मालकीचे झाले का? कौन्सिलने नाही म्हटलं. तशी भेट द्यायचा त्याचा इरादा होता हे सिद्ध करावं लागेल, नाहीतर पैसे त्याच्याच इस्टेटीत धरले जातील.

आज अर्जावर जी चौकट असते, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', ती तीच बोली आहे. दोघांपैकी कुणीही एकट्याच्या सहीने व्यवहार करू शकतो आणि एक गेल्यावर बँक उरलेल्याला पैसे देऊन मोकळी होते. मोकळी होते ती बँक. रिझर्व्ह बँकेने वारसांच्या दाव्यांबाबत बँकांना दिलेल्या सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलेलं आहे, की मागे राहिलेला खातेदार ती रक्कम कायदेशीर वारसांचा विश्वस्त म्हणून घेतो. म्हणजे आई गेल्यावर मुलीने खात्यातले तीन लाख काढले, तरी भावाचा दीड लाखाचा हक्क जिथल्या तिथे राहतो. तो मागायला त्याने बँकेच्या दारात उभं राहायचं नाही, बहिणीच्या दारात उभं राहायचं.

मुलं परदेशात असलेल्या घरांसाठी तर ही गोष्ट नियमातच लिहून ठेवली आहे, आणि तो नियम मला फार आवडतो. इथे राहणाऱ्या आईवडिलांच्या साध्या बचत खात्यात परदेशी स्थायिक झालेल्या मुलाचं नाव 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीने घालायला रिझर्व्ह बँकेने २०१४ साली परवानगी दिली. अट अशी, की मुलाने ते खातं आईवडिलांच्या वतीने, इथल्याच खर्चासाठी चालवायचं. स्वतःचा हितसंबंध त्यात निर्माण करायचा नाही. न्यू जर्सीतल्या मुलाला लागू असलेली ही अट नारायण पेठेतल्या मुलाला नैतिकदृष्ट्या लागू नाही, असं कोण म्हणेल?

आता समोरच्यांचं म्हणणं. त्यातलं सगळ्यात ऐकण्यासारखं म्हणणं असं, की नॉमिनी लावलेला आहे ना, मग आणखी नाव कशाला? या प्रश्नाचं उत्तर मला एका आजींनी दिलं. त्या ७९ वर्षांच्या, सहा वर्षांपूर्वी वैधव्य आलेलं, मुलगा बंगळूरला, मुलगी दोन चौक पलीकडे. एका सकाळी न्हाणीघरात घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. रुग्णालयाने शस्त्रक्रियेआधी एक लाख अनामत मागितली. आजींच्या खात्यात १४ लाख पडून होते, मुलगी त्यांची नॉमिनी होती आणि ती पासबुक घेऊन धावत आमच्या शाखेत आली. मला तिला सांगावं लागलं, की नॉमिनीचा हक्क खातेदार गेल्यावर सुरू होतो. ती माझ्याकडे पाहतच राहिली. "म्हणजे आई गेली तर पैसे मिळतील, आणि तिला वाचवायला मिळणार नाहीत?" असं तिने विचारलं, आणि त्यावर मला काही बोलता आलं नाही.

अशा वेळी बँक हात वर करत नाही. रुग्णाला सही करता येत नसेल तर अंगठा चालतो. अंगठाही उठत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसाही चालतो. बँकेच्या ओळखीचे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. मी स्वतः रुग्णालयात गेले. पण त्या दिवशी शाखेत दुसरा अधिकारी रजेवर होता, मला निघायला चार वाजले, तोवर आजींना गुंगीचं औषध दिलेलं. गुंगीतल्या माणसाचा अंगठा मी घेणार नव्हते. काम दुसऱ्या दिवशी झालं. मधली अनामत मुलीने जावयाच्या क्रेडिट कार्डावर भरली. निभावलं, कारण तिच्याकडे कार्ड होतं.

मग मुखत्यारपत्र करावं, असं जाणकार म्हणतात. मर्यादा घालता येते, मालकीचा घोळ होत नाही, हवं तेव्हा रद्द करता येतं. हे सगळं खरं आहे आणि धडधाकट माणसासाठी मीही तेच सुचवेन. पण आपल्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, अधिकार देणाऱ्याचं मानसिक संतुलन गेलं की प्रतिनिधीचा अधिकार संपतो. म्हणजे ज्या दिवसाच्या भीतीने आपण कागद करतो, नेमक्या त्याच दिवशी तो निकामी होतो. बँकेला कळलं नाही म्हणून चालत राहील कदाचित, पण कळलं की थांबतं. स्मृतिभ्रंश झालेल्या आईच्या पैशांसाठी पालक नेमून घ्यायचा, तर त्यासाठी सुटसुटीत कायदा नाही. लोकांना उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. औषधांचं बिल भरायला उच्च न्यायालय! त्या मानाने संयुक्त खातं व्यवहारात चालू राहतं, कारण मुलगी तिथे आईची प्रतिनिधी म्हणून नव्हे, खातेदार म्हणून सही करत असते. म्हणून 'डोकं शाबूत आहे तोवर' असं मी वर म्हटलं. विसरभोळेपणा घरात सगळ्यांच्या लक्षात आल्यावर आईला हाताला धरून बँकेत आणायचं, याला संमती म्हणत नाहीत.

आणि संमती म्हणजे अर्जावरची सही, हेही मला मान्य नाही. मी काउंटरवर असताना एक पथ्य पाळायचे. नाव घालायला दोघं आली, की मुलाला किंवा मुलीला झेरॉक्स आणायला बाहेर पाठवायचं आणि आजीआजोबांशी एकट्याने बोलायचं. फार काही नाही, तीन गोष्टी विचारायच्या. खात्यात साधारण किती आहेत? हे सगळे उद्या तुम्हाला न विचारता ती काढू शकेल, माहीत आहे ना? आणि बाकीच्या मुलांना सांगितलंय का? तिसऱ्या प्रश्नावर बरेच जण खाली बघायचे. मग मी म्हणायचे, घाई नाही, पुढच्या सोमवारी या. त्यातले काही परत आलेच नाहीत, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

विरोधकांचा दुसरा मुद्दा फसवणुकीचा, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' खात्यातून मुलगा एका दिवसात सगळी रक्कम काढू शकतो आणि बँक त्याला अडवू शकत नाही. नंतर न्यायालयात पैसे वडिलांचे होते हे सिद्ध होईल, पण ऐंशीव्या वर्षी कुणी कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या? हे खरं आहे. पण पाहिलेल्या प्रकरणांत मला एक गोष्ट सारखी दिसली. खातं रिकामं होण्याआधी बहुधा खात्याचा मोबाईल नंबर बदललेला असायचा. एक आजोबा मला आठवतात. नाव घालायच्या त्याच दिवशी, त्याच कागदांच्या गठ्ठ्यात, मोबाईल नंबर बदलायचा अर्ज होता आणि त्यांनी त्यावर चष्मा न लावता सही केली होती. तेव्हापासून पैसे निघाल्याचा प्रत्येक संदेश मुलाच्या फोनवर, ओटीपी मुलाच्या फोनवर. आजोबांना कळलं ते दिवाळीत पासबुक भरून घेताना, जेव्हा छपाईचं मशीन थांबेचना आणि शेवटच्या ओळीत चार आकडी शिल्लक आली. घोटाळा नाव घातल्याने सोपा झाला हे कबूल, पण सात महिने लपून राहिला तो नंबर बदलल्याने.

म्हणून माझा युक्तिवाद रकमेवर येतो. फसवणुकीची भीती खरी असेल, तर संयुक्त खात्यात १४ लाख का ठेवायचे? त्या आजी घरी आल्यावर, वॉकर घेऊन चालायला लागल्यावर, आम्ही त्यांचे पैसे असे लावले. १२ लाखांच्या मुदत ठेवी, चार-चार लाखांच्या तीन, फक्त आजींच्या नावे, नॉमिनी म्हणून मुलगा आणि मुलगी दोघांची सोय. बचत खात्यात दोन लाख, त्यात आजी पहिल्या आणि मुलगी दुसरी. ठेवींचं व्याज दर तिमाहीला याच खात्यात. कुटुंब निवृत्तिवेतनाचं खातं वेगळं होतं, ते तसंच एकटीच्या नावे ठेवलं. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनाच्या खात्यात जोडीदाराखेरीज कुणाचं नाव चालतच नाही, मुलाचंही नाही. टपालातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतही संयुक्त नाव फक्त जोडीदाराचं. सरकारने तिथे आपल्यावतीने निर्णय घेऊन ठेवलाय म्हणा ना. निवृत्तिवेतनाच्या खात्यातून महिन्याला ठरावीक रक्कम संयुक्त खात्यात जाईल अशी कायमची सूचना आजींनी दिली. मोबाईल नंबर आजींचाच राहिला. मुलीने घात केलाच तर जास्तीत जास्त दोन लाखांचा, आणि पहिला संदेश आईच्या फोनवर.

नावांचा क्रम हा गौण तपशील वाटतो, पण तो तसा नाही. पहिलं नाव आईचं असेल तर व्याज तिच्या पॅनवर दिसतं. दुसरा धोका मुलाच्या देण्यांचा. मुलाचा व्यवसाय असेल आणि त्याच्याकडे आयकराची थकबाकी असेल, तर वसुली अधिकारी संयुक्त खात्यावरही नोटीस बजावू शकतो, आणि उलट सिद्ध होईपर्यंत कायदा दोघांचे हिस्से समान धरतो. म्हणजे आईच्या दोन लाखांतले एक लाख अडकू शकतात, आणि ते आपले आहेत हे आईने दाखवायचं. दोन मुलांपैकी एक नोकरीत आणि एक धंद्यात असेल, तर नाव नोकरीवाल्याचं घालावं, असं मी स्पष्टच सांगायचे. धंदेवाल्या मुलांना ते आवडायचं नाही.

आता भावंडांचा मुद्दा. "एकीचं नाव घातलं की दुसरा दुखावतो," असं सभेत एक बाई कळवळून म्हणाल्या. दुखावतोच. त्यात एक खाचही आहे, जी बहुतेकांना ठाऊक नसते. आधी खातं आईच्या एकटीच्या नावे होतं आणि मुलगा नॉमिनी होता, असं धरा. आता मुलीचं नाव संयुक्त म्हणून आलं. नॉमिनी तोच राहिला तरी त्याची पाळी दोन्ही खातेदार गेल्यावर येते. आईने मुलाकडून काही काढून घेतलेलं नसतं, पण कागदावर तो मागे ढकलला जातो, आणि हे त्याला आईच्या तेराव्यानंतर बँकेत कळतं. यात मुलीचा लबाडपणा नाही, पण त्याला तसाच वास येतो. आजींनी त्यावर साधा उपाय केला. वहीच्या कागदावर स्वतःच्या अक्षरात चार ओळी लिहिल्या, की या खात्यातले पैसे माझे आहेत, मुलीचं नाव माझ्या सोयीसाठी घातलं आहे, माझ्यामागे जे उरेल ते दोघांत निम्मंनिम्मं. तारीख, सही, फोटो काढून मुलाला पाठवला. १९२८ च्या त्या खटल्यात न्यायालयाला जो इरादा शोधत बसावं लागलं, तो इथे निळ्या शाईत लिहिलेला होता. हे मृत्युपत्र नव्हे आणि त्याची जागाही घेत नाही. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. पण भावाबहिणीत बोलणं बंद होण्यापासून हा कागद पुष्कळदा वाचवतो.

हे सगळं टाळायचं तर 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' निवडावं, असाही सल्ला मिळतो. त्यात पहिला खातेदार हयात असेपर्यंत तोच व्यवहार करतो, दुसऱ्याला हात लावता येत नाही. मुदत ठेवीला हे छान आहे. पण खर्चाच्या खात्याला लावलं तर आपण फिरून त्याच रुग्णालयाच्या खिडकीशी येऊन उभे राहतो.

उरतो तो मागे फिरण्याचा प्रश्न. अर्जावर सही करण्याआधी आजींनी मला तोच विचारला. मुलगी शेजारीच बसली होती, तरी विचारला. "बाई, उद्या हिचं-माझं पटलं नाही आणि हिचं नाव काढायचं म्हटलं, तर?" मुलगी ओशाळली. विरोधकांचं इथे अगदी बरोबर आहे, की नाव घालायला आईची इच्छा पुरते पण काढायला मुलीची सहीही लागते. आईने बँकेला 'व्यवहार थांबवा' असं पत्र दिलं तर खातं थांबतं, पण ते दोघींसाठी थांबतं, आणि मग औषधाचे पैसेही निघत नाहीत. मी आजींना सांगितलं, "नाव काढायच्या फंदात पडूच नका. तुम्हाला एकटीच्या सहीने सगळे पैसे काढता येतात ना? त्याच दिवशी तुमच्या निवृत्तिवेतनाच्या खात्यात सगळे वळते करा आणि ठेवींचं व्याजही तिकडे लावा. हे खातं पडू दे रिकामं." जो अधिकार मुलीला मिळतो तो आईचा कमी होत नाही, आणि पैसे कुठून येतात ते नळ आईच्याच हातात असले, की तिला कुणाच्या सहीची वाट पाहावी लागत नाही.

आजींनी थोडा विचार केला. मग मुलीला म्हणाल्या, "पासबुक मात्र माझ्याच पिशवीत राहील हं." आणि चष्मा लावून अर्जावरची प्रत्येक चौकट वाचायला घेतली. मोबाईल नंबरच्या रकान्यापाशी त्यांनी बोट ठेवलं, स्वतःच्या फोनच्या मागे चिकटवलेली चिठ्ठी काढली आणि दहाही आकडे ताडून पाहिले.